पहिल्या पगाराआधीचे महिने

श्रोतेहो, नमस्कार.

बँकेत असताना माझ्या टेबलावर शैक्षणिक कर्जाची पुष्कळ प्रकरणं आली. त्यातली वैमानिक प्रशिक्षणाची प्रकरणं सगळ्यात मोठ्या रकमेची असत, आणि घरचे लोक सगळ्यात कमी प्रश्न विचारत तीही हीच. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, भारतात काढायचं तर पंचेचाळीस ते साठ लाख रुपये लागतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या विमान कंपनीत किती पगार मिळतो, हेही पाठ असतं. कोणी विचारत नाही ते एवढंच, की पहिला हप्ता आणि पहिला पगार यांच्यामध्ये किती महिने जाणार? आज मी त्या महिन्यांबद्दलच बोलणार आहे. पहिला हप्ता आणि पहिला पगार, यांच्यामधले महिने.

आमच्या सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ होते, साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क. काट्यावर म्हणजे उसाच्या ट्रॉल्या वजन होतात तिथं. कारखान्यावर सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तात्याच म्हणायचो. मुलगी बारावी सायन्सला, फिजिक्स-मॅथ्स चांगलं. तिला पायलट व्हायचं होतं. तात्या एका फ्लाइंग स्कूलचं माहितीपत्रक घेऊन माझ्याकडं आले. फी पन्नास लाख, कोर्स अठरा महिने. दहा लाख घरचे घालणार, चाळीस लाख कर्ज. तारण राहतं घर आणि थोडी जमीन. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागतेच, त्यामुळं घराचा उतारा त्यांनी बरोबरच आणला होता.

मी म्हटलं, "तात्या, कागद ठेवा. पण सही करायच्या आधी एकदा ती जागा बघून या. ऑफिस नका बघू, धावपट्टी बघा."

तात्यांनी ते फार मनावर घेतलं. साप्ताहिक सुट्टीला जोडून एक रजा टाकली आणि दोन दिवस त्या धावपट्टीच्या गेटासमोर, चहाच्या टपरीवर जाऊन बसले. हिवाळ्याचे दिवस होते, आभाळ अगदी स्वच्छ, उडायला याहून चांगलं हवामान मिळत नाही. ट्रॉली आली की नंबर आणि वेळ टिपायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. तसंच त्यांनी इथं केलं. विमानाच्या अंगावर व्हीटीपासून सुरू होणारी अक्षरं असतात, ती लिहायची, वर गेल्याची वेळ लिहायची, उतरल्याची वेळ लिहायची.

माहितीपत्रकात सात विमानं होती. आवारातही सात दिसत होती. पण दोन्ही दिवस उडाली ती तीनच. बाकीच्या चारांपैकी दोघांना इंजिनच नव्हतं, ते दुरुस्तीला गेलेलं. उरलेली दोन का उभी आहेत, ते त्यांना टपरीवर चहाला आलेल्या पोरांनी सांगितलं. एकाचे सुटे भाग यायचे होते. दुसऱ्याचे तपासणीचे तास भरत आले होते, म्हणून ते राखून ठेवलेलं. पोरांना तात्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो मला फार आवडला. "बाळांनो, गेल्या महिन्यात तुमचे किती तास झाले?" एकाचे चार, एकाचे सहा. एका पोराचा तर महिनाभरात एकही तास नाही, कारण शिकवणारे इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून एअरलाइनला गेलेले.

दोन दिवसांनी तात्या बँकेत आले. वहीचं पान माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, हा हिशोब बरोबर आहे का बघा."

श्रोतेहो, तो हिशोब मी तुम्हाला सावकाश सांगतो. शक्य असेल तर कागद घ्या. तीन विमानं, दिवसाला प्रत्येकी पाच तास, म्हणजे पंधरा तास. महिन्यातले वीस दिवस उडण्यासारखे धरले, तर तीनशे तास. विद्यार्थी किती, तर पोरांनी सांगितलं साठ. तीनशे भागिले साठ, म्हणजे एका विद्यार्थ्याला महिन्याला पाच तास. आणि सीपीएलला उड्डाणाचे तास लागतात दोनशे. दोनशे भागिले पाच, चाळीस. चाळीस महिने! माहितीपत्रकात होते अठरा. आणि हे चाळीस महिनेसुद्धा पाऊस न धरता. आपल्याकडं जून ते सप्टेंबर उड्डाण किती होतं, ते तुम्ही जाणताच.

आता हे बँकेच्या कागदाशी जोडू. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्सची मुदत अधिक एक वर्ष झालं की सुरू होतो. कोर्सची मुदत म्हणजे कागदावरची मुदत. अठरा अधिक बारा, तीस महिने. व्याजाचा दर अकरा टक्के धरला आणि कर्ज अठरा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं उचललं, तर तिसाव्या महिन्यापर्यंत चाळीस लाखांवर पावणेआठ लाखांच्या आसपास व्याज चढतं. दहा वर्षांची परतफेड धरली तर हप्ता बसतो महिन्याला पासष्ट ते सहासष्ट हजार. दहा वर्षांत फेडायचे एकूण एकोणऐंशी लाख.

पण मी एकूण रकमेवर बोलतच नाही. हप्ता तिसाव्या महिन्याला सुरू, लायसन्स चाळीसाव्या महिन्याला. म्हणजे लायसन्स हातात यायच्या आधीच दहा हप्ते, साडेसहा लाख. त्यानंतर नोकरी लागायला एक वर्ष धरा, आणखी आठ लाखांच्या घरात. जवळजवळ साडेचौदा लाख रुपये, आणि अजून पगाराचा एक रुपया नाही. काट्यावरच्या क्लार्कच्या पगारातून हे कुठून निघणार? निघत नाही. म्हणून मी पुन्हा सांगतो, पहिला हप्ता आणि पहिला पगार यांच्यामधले महिने मोजा. कर्ज झेपतं की नाही, हे पायलटच्या पगारावरून ठरत नाही, या महिन्यांवरून ठरतं.

तात्यांनी मुलीला नाही म्हटलं नाही. तीच पद्धत घेऊन ते दुसऱ्या एका शाळेच्या गेटावर जाऊन बसले. तिथली फी सहा लाखांनी जास्त होती. पण तिथल्या मुलांच्या लॉगबुकात महिन्याला बारा-तेरा तास लागलेले दिसले. दोनशे तासांना सोळा महिने. आता बघा, चाळीस लाखांवर अकरा टक्क्यांनी महिन्याचं व्याजच साडेछत्तीस हजारांच्या वर जातं. चोवीस महिने वाचले म्हणजे पावणेनऊ लाख वाचले. सहा लाखांनी महाग शाळाच स्वस्त पडली.

त्या दोन्ही वेळा मुलगी शेजारी बसून आकडे लिहीत होती, हे मला विशेष वाटतं. आपल्याकडं मुलांना घरचा हिशोब दाखवत नाहीत. मुलीला तर मुळीच नाही. जमीन गहाण टाकली हे तिला लग्नाच्या वेळी कुणा मावशीकडून कळतं. माझं स्पष्ट मत आहे, की दहावी झालेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला घरात किती येतं, किती जातं आणि देणं किती आहे, हे माहीत असलंच पाहिजे. आणि लायसन्स मिळायच्या आत गणवेशातल्या फोटोचे फ्लेक्स चौकात लावू नयेत. त्या फ्लेक्समुळं कोर्स मध्येच थांबवणं शहाणपणाचं असलं तरी घरच्यांना थांबता येत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. असो.

फी भरण्याआधी दोन गोष्टी कमी खर्चात होतात. पहिली, मेडिकल. आधी क्लास टूची पहिली तपासणी, मग सीपीएलला लागणारी क्लास वनची. डोळ्यांचा रंगदोष, कान, हृदय, सगळं तिथं तपासलं जातं. क्लास वन हातात नसताना फीचा एक रुपयाही भरू नका. दुसरी, डीजीसीएचे, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे लेखी पेपर. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम. हे घरी अभ्यास करून, उड्डाण सुरू होण्याआधी देता येतात. पास व्हायला सत्तर टक्के लागतात. मुलगी तीन पेपर पास झाल्यावरच तात्यांनी कर्जाच्या कागदावर सही केली. फी त्यांनी टप्प्याटप्प्यानं, झालेल्या तासांप्रमाणे भरली. एकरकमी सवलत मिळत होती, ती घेतली नाही. शाळा मध्येच बंद पडली तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण जातं. आणि तुमच्या फीच्या कागदावर जीएसटी लावला असेल तर जरूर विचारा. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थांच्या मान्य उड्डाण अभ्यासक्रमांवर तो लागत नाही, हे जीएसटी परिषदेनं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता लायसन्सनंतरचं. मी तिथं एक वर्ष धरलं, ते उगाच नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. अशी कंपनी थांबली की हजारो तास उडवलेले वैमानिक नोकरी शोधायला बाहेर येतात, आणि दोनशे तासांचा नवा मुलगा रांगेत मागं जातो. त्याची काही चूक नसते. पण त्या काळात त्याचं लायसन्स नुसतं कपाटात ठेवून चालत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवरून विमान चालवायची परवानगी, तिचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. मेडिकल दर वर्षी. रेटिंगसाठी उडावं लागतं, आणि हा सगळा खर्च घरचाच.

यावर टाईप रेटिंग. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारखं एखादं ठराविक विमान चालवण्याचं प्रशिक्षण. बारा ते वीस लाख रुपये. काही मुलं नोकरीचा पत्ता नसताना आधीच ते करून ठेवतात, की अर्ज वजनदार होईल. पण टाईप रेटिंग चालू ठेवायलाही सिम्युलेटरवर वेळोवेळी तपासणी द्यावी लागते, आणि तुम्ही ए-३२० केलं असताना भरती ७३७ ची निघाली तर ते पैसे अडकले. विमान कंपन्यांचे स्वतःचे कॅडेट कार्यक्रम असतात, त्यात हे सगळं एकत्र असतं. तिथं खर्च कोटीच्या घरात जातो, आणि नोकरीचं आश्वासन अटींसह असतं. त्या अटी वकिलाकडून वाचून घ्या.

तात्यांनी टाईप रेटिंगचे पैसे कर्जात घेतलेच नाहीत. घरच्या पैशातून पंधरा लाख वेगळी मुदत ठेव केली आणि मुलीला सांगितलं, निवड झाल्याचं पत्र आल्याशिवाय ती मोडायची नाही. लायसन्स झाल्यावर मुलगी वर्षभर थांबली. त्या वर्षात तिनं असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग केलं आणि त्याच शाळेत शिकवायला लागली. पगार मोठा नव्हता, पण चढत्या व्याजाचा बराचसा भाग त्यातून निघायचा आणि लॉगबुकात तास वाढत होते. इन्स्ट्रक्टर शाळांना हवेच असतात, हे तात्यांना त्या पहिल्या टपरीवरच कळलं होतं. एका कंपनीचं पत्र आलं तेव्हा ठेव मोडायला बापलेक दोघं बँकेत आले. फॉर्म मुलीनं भरला.