घरमालकाच्या हातातलं बटण: रोजच्या जगण्यातला खलनायक कसा लिहायचा

नमस्कार मंडळी. आज आपण कथेतल्या घरमालकाबद्दल बोलणार आहोत.

नव्याने लिहिणाऱ्यांच्या कथांमध्ये हा माणूस वारंवार भेटतो, आणि बहुतेक वेळा त्याचा साचा ठरलेला असतो. सुटलेलं पोट, तोंडात गुटखा, आणि पहिल्याच वाक्याला भाडेकरूच्या अंगावर धावून जाणं. असा माणूस वाचताना राग येतो, पण धाक वाटत नाही. कारण ओरडणाऱ्याला उलट ओरडता येतं. ज्याच्यासमोर आवाज चढवताच येत नाही, असा घरमालक कसा उभा करायचा, ते एका उदाहरणातून बघू.

उदाहरण लातूरचं घेतो. उद्योग भवन परिसर, ज्याला सगळे ट्यूशन एरिया म्हणतात. मराठवाड्यातल्या गावागावातून पोरं-पोरी इथं नीटच्या तयारीला येतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. आपली नायिका श्रुती, अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. एका रूममेटबरोबर वरच्या मजल्यावर राहते. खाली घरमालक काका, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. भाडं चार हजार, डिपॉझिट आठ हजार. ही सगळी माणसं आणि हे आकडे मी कथेसाठी घेतलेत.

लिहायला बसलात की काकांचा स्वभाव थोडा वेळ बाजूला ठेवा. त्यांच्या हातात नेमकी कोणती वस्तू आहे, ते आधी ठरवा. इथं ती वस्तू म्हणजे पाण्याच्या मोटरचं बटण. ते खालच्या मजल्यावर, काकांच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. लातुरात नळ रोज येत नाही. आला की पाणी हौदात पडतं, आणि हौदातून वरच्या टाकीत चढवायचं तर मोटर लावावी लागते. म्हणजे श्रुतीच्या अंघोळीचं, कपड्यांचं, सकाळच्या सगळ्या आवराआवरीचं पाणी काकांच्या एका बोटावर आहे. मालकी हक्क, करार, पैसा या सगळ्या मोठ्या गोष्टी आहेत. वाचकाला काच जाणवतो तो या बटणाने.

आता हाच प्रसंग दोन तऱ्हांनी लिहून बघू. पहिली तऱ्हा, जी नेहमी वाचायला मिळते:

(पडद्यावर मजकूर)
"पाणी पाहिजे? आधी भाडं दे!" घरमालक गरजला. "नाहीतर उद्याच्या उद्या खोली खाली कर!" श्रुती थरथर कापू लागली.

दुसरी तऱ्हा:

(पडद्यावर मजकूर)
साडेसहाला नळाला पाणी नव्हतं. श्रुती बादली घेऊन खाली आली. काका ओट्यावर पेपर वाचत बसले होते.
"काका, ते मोटर..."
"चहा घेतलीस का?"
"नाही. वर पाणी आलं नाही, काका."
"तुझी ती मैत्रीण गेली का गावाकडं?"
"काल गेली."
"दोन रात्री होती." काकांनी पान उलटलं. "मी काही नको म्हणलो का? पाहुणे यावंच की. टाकी मात्र दोघींच्या हिशोबाची हाय."
"पुन्हा नाही थांबवणार कुणाला."
"अगं, तसं नाही म्हणलो मी. सात वाजू दे, लावतो मोटर."
सातला तिचा क्लास होता.

यात काकांनी कशालाच नकार दिलेला नाही. चहा विचारला, पाहुणे यावेत म्हणाले, मोटर लावतो म्हणाले. त्यांच्या एकाही वाक्यावर बोट ठेवून तक्रार करता येत नाही. उद्या श्रुती हे कुणाला सांगायला गेली तर ऐकणारा म्हणेल, "मग अर्ध्या तासानं लावली ना मोटर?" छोट्या सत्तेचं हे हत्यार आहे. प्रत्येक कृती सुटी घेतली तर इतकी किरकोळ, की तिची तक्रार केली तर तक्रार करणाराच हलका ठरतो.

दुसरं म्हणजे, कोण किती रात्री राहिलं हे काकांना माहीत आहे. त्यासाठी त्यांना हेरगिरी करावी लागली नाही. जिना त्यांच्या दारावरून जातो, तेवढं पुरतं. बदली झाली की सरकारी साहेब बदलतो, पण घरमालक जिन्यावर रोज भेटतो. म्हणून घराचा नकाशा आधी कागदावर काढा. जिना कुठून, कडी कुणाला ऐकू येते, गाड्या कुठं लागतात, कपडे कुठं वाळतात. अर्धा प्रसंग त्या नकाशातून आपोआप निघतो.

आणि शेवटचं वाक्य बघा. सातला क्लास आहे हे काकांना माहीत आहे की नाही, हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही. माहीत असेल तर ती शिक्षा आहे, नसेल तर योगायोग. श्रुतीलाही ते कळत नाही, आणि पुढचे चार दिवस ती त्याचाच विचार करत राहते. तुम्ही जर "काका मनातल्या मनात हसले" असं लिहिलंत, तर हा सगळा ताण तिथंच सुटला.

आता चांगला वाचक हमखास एक प्रश्न विचारतो: ही सरळ तक्रार का करत नाही? त्याचं उत्तर कथेत सापडलं नाही, तर काका कितीही छान लिहा, नायिका बावळट वाटते. म्हणून कायदा लेखकाला माहीत पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याच्या कलम २९ प्रमाणे पुरेसं कारण नसताना घरमालकाला भाडेकरूचं पाणी, वीज अशा अत्यावश्यक सोयी अडवता येत नाहीत. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. म्हणजे कागदावर कायदा श्रुतीच्या बाजूला आहे.

मग ती का जात नाही? एक, पाणी अडवलंच कुठं आहे, अर्धा तास उशीर झालाय. दोन, महिना फेब्रुवारीचा आहे आणि मेमध्ये नीट आहे. तक्रार, तारखा, जबाब यात जो वेळ जाईल तो तिच्याकडे नाही. या दिवसांत दुसरी खोली शोधणं म्हणजे पंधरा दिवसांचा अभ्यास बुडवणं. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जूनमध्ये सामान टाकायला आलेले श्रुतीचे वडील काकांना हात जोडून म्हणाले होते, "पोरगी तुमच्या भरवशावर ठेवायलाव. चुकली तर कान धरा." काकांच्या फोनमध्ये वडिलांचा नंबर आहे. ती सत्ता काकांनी हिसकावून घेतलेली नाही, वडिलांनी मायेपोटी दिली आहे. श्रुतीनं तक्रार केली तर पहिला फोन गावाकडं जाणार, आणि बाप तिलाच म्हणणार, "मोठ्या माणसाशी वाद घालायला ठेवलंय का तुला?"

तुमच्या खलनायकाला अधिकार कुणी दिला, हे शोधा. तो देणारा नायकाच्या प्रेमाचा माणूस निघाला तर कथा घट्ट होते.

काकांची बाजूही खरी पाहिजे, आणि त्यासाठी त्यांना अनाथ बालपण वगैरे द्यायची गरज नाही. लातूरकराला २०१६ सांगावं लागत नाही. त्या वर्षी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात काकांनी स्वतःच्या पैशानं टँकर घेतले, रात्रभर जागून हौद भरले. त्यांच्या लेखी पाण्याचा हिशोब ठेवणं म्हणजे शहाणपण, आणि वरच्या पोरी नळ उघडा ठेवून ब्रश करतात हा बेफिकीरपणा. ते खरं बोलतायत. फक्त त्या खऱ्या कारणाच्या आडोशाला आता त्यांना दुसरंही काही मिळू लागलंय: कुणीतरी बादली घेऊन खाली येतं, काका म्हणतं, वाट बघत उभं राहतं. निवृत्तीनंतर असं उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं. हे दुसरं कारण काकांच्या तोंडून कधीच वदवू नका. ते त्यांनाही नीटसं ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट नव्या लेखकांकडून सुटते. छोट्या सत्तेला हंगाम असतो. जूनमध्ये खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा हेच काका श्रुतीच्या वडिलांना सरबत देतात, "चोवीस तास पाणी हाय बघा" म्हणतात. दिवाळीपर्यंत सूर बदलतो. फेब्रुवारीत पोरगी हलू शकत नाही, तेव्हा तो पूर्ण चढतो. परीक्षा झाली की खाली उतरतो. कथेचे प्रसंग या क्रमानं लावा. सरबताचा प्रसंग आधी आला असेल, तरच ओट्यावरचा प्रसंग टोचतो.

छोट्या सत्तेचा दुसरा माणूस म्हणजे सरकारी कचेरीतला कारकून. त्याचं थोडं वेगळं आहे, तेही थोडक्यात सांगतो. कारकुनाला तुमचं नाव माहीत नसतं, आणि त्याची गरजही नसते. त्याच्या हातातली वस्तू म्हणजे आवक नोंदवही. अर्जावर आवक क्रमांक पडला की अर्ज आहे, नाही पडला तर तो अर्जच नाही. तो क्रमांक टाकायच्या आधी एकेक त्रुटी काढतो. सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या तर ती मदत होईल. आज रेशनकार्डाची झेरॉक्स, परवा स्वयंघोषणापत्र, त्यानंतर "साहेब आज मीटिंगला गेलेत". तो लिहिताना प्रत्येक हेलपाट्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी लिहा. त्याचा चेहरा कमी लिहिला तरी चालतं.

परत श्रुतीकडे येतो, कारण शेवट लिहिताना बहुतेकजण घसरतात. नायिका काकांना सुनावते, खालच्या बायका टाळ्या वाजवतात, असा शेवट केलात तर आधीची सगळी मेहनत खोटी पडते. मेमध्ये परीक्षा झाली, वडील टेंपो घेऊन आले, खोली सोडायची आहे. आता डिपॉझिटचा हिशोब. काका वहीचं पान पुढं करतात: रंगकाम हजार, लाइट बिल नऊशे, साफसफाई पाचशे, तुटलेला नळ अडीचशे. एकूण दोन हजार सहाशे पन्नास वजा, हातात पाच हजार तीनशे पन्नास. टेंपोवाला घाई करतोय. वडील म्हणतात, "जाऊ दे, चल."

या यादीत एक नोंद पूर्ण खरी ठेवा. नळ खरोखर श्रुतीच्या हातून तुटला होता, आणि तिनं ते काकांना सांगितलं नव्हतं. म्हणून रंगकामाच्या हजारावर बोलायला तोंड उघडताना तिची नजर त्या अडीचशेवर जाते, आणि काकांचं बोट आधीच तिथं टेकलेलं असतं.