दीड मीटरच्या टाकीचे माप: सिमेंट, वाळू आणि जाळी

(दृश्य: धायरीतील एका बैठ्या घराचे मागचे अंगण. जमिनीवर चुन्याने आखलेले वर्तुळ, शेजारी जाळीची गुंडाळी.)

निवेदन:
आतून दीड मीटर व्यासाची आणि दीड मीटर उंचीची ही पाण्याची फेरोसिमेंटची, म्हणजे पोलादी जाळीवर सिमेंट-वाळूचा मसाला मारून केलेली, टाकी जमिनीवर उभी राहणार आहे. वरचे दहा सेंटीमीटर रिकामे सोडले तर तिच्यात सुमारे २,४७० लिटर पाणी मावते, म्हणजे भरल्यावर नुसत्या पाण्याचेच अडीच टनांच्या जवळपास वजन होते. तरीही तिच्या भिंतीची जाडी ठरवली आहे फक्त ३० मिलिमीटर. विटांच्या किंवा काँक्रीटच्या टाकीची सवय असलेल्या माणसाला हा आकडा ऐकूनच शंका येते, म्हणून आधी तिचे उत्तर देतो.

गोल टाकीच्या भिंतीला पाणी बाहेर ढकलते आणि भिंत पट्ट्यासारखी ताणली जाते. पाण्याची उंची १.४ मीटर आणि त्रिज्या पाऊण मीटर असल्यामुळे तळाजवळच्या एक मीटर उंचीच्या पट्ट्यावर फार तर एक टनाच्या आसपास ओढ येते. ही ओढ घेण्याचे काम मुख्यतः पोलादी जाळीचे आहे आणि मसाल्याने जाळीला सर्व बाजूंनी धरून ठेवायचे आहे. म्हणून जाडी वाढवून टाकी आपोआप मजबूत होत नाही. सिमेंट मात्र नक्की जास्त लागते.

(दृश्य: कागदावर टाकीचा आडवा छेद. गवंडी काडीने मोजमाप दाखवतो.)

निवेदन:
हिशेब लिटरमध्ये केला की सोपा जातो. भिंतीच्या जाडीच्या मधोमध मोजलेला व्यास १.५३ मीटर, म्हणून घेर सुमारे ४.८ मीटर येतो. त्याला उंचीने गुणल्यावर ७.२ चौरस मीटर क्षेत्र मिळते आणि ३० मिलिमीटर जाडीने मसाला होतो २१६ लिटर. तळ भिंतीच्या थोडा बाहेर, म्हणजे १.६ मीटर व्यासाचा आणि ५० मिलिमीटर जाडीचा घेतला आहे. त्याला १०० लिटर लागतात. किंचित फुगीर झाकणाला, माणूस उतरण्याच्या तोंडाचे छोटे झाकण धरून, ६३ लिटर लागतात. बेरीज ३८० लिटर. हाताने मारलेला मसाला खाली पडतो, जाळीतून पलीकडे जातो, घमेल्यात सुकतो. या सगळ्यासाठी १५ टक्के धरले की आकडा ४४० लिटरवर जातो.

इथे एक चूक वारंवार होते. मसाला एकास दोन आहे म्हणून ४४० लिटरचे सरळ तीन भाग करून सिमेंट काढले जाते आणि उत्तर येते सव्वाचार पोती. काम अर्ध्याहून पुढे गेल्यावर सिमेंट संपते. कारण कोरडे सिमेंट आणि वाळू पाण्यात कालवल्यावर त्यांचे एकूण घनफळ कमी होते, सिमेंट वाळूच्या पोकळ्यांत शिरते. म्हणून ओल्या मसाल्याच्या घनफळाला १.३३ ने गुणून कोरडे घनफळ काढतात. आपल्या बाबतीत ते ५८५ लिटर भरते. त्याचा तिसरा हिस्सा, १९५ लिटर, सिमेंट. उरलेली ३९० लिटर वाळू. पन्नास किलोचे पोते ३५ लिटरचे धरले तर ५.६ पोती होतात. आतून मारायच्या सिमेंटच्या घोटीव लेपाला आणखी पंधरा किलो लागते, म्हणजे सहा पोती जेमतेम पुरतात. मी सातवे आणून ठेवायला सांगेन. भिंत एका दमात पूर्ण व्हायला हवी. दुकानात जाऊन येईपर्यंत आधीची कड सुकली तर नेमका तिथेच पाझर सुटतो.

(दृश्य: टेम्पोतून उतरवलेली क्रश सँड. चाळणीवर ओतली जाते.)

निवेदन:
पुण्यात वाळू ब्रासच्या मापाने मिळते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपल्याला लागणारी ३९० लिटर वाळू सुमारे चौदा घनफूट भरते, पण हे माप कोरड्या वाळूचे आहे. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे मापात तीच वाळू पाव हिश्शाने जास्त दिसते. ही फुग तपासायला काचेच्या बरणीत वीस सेंटीमीटर ओली वाळू सैल भरावी, पाणी ओतून ढवळावी आणि बसू द्यावी. ती सोळा सेंटीमीटरवर आली तर फुग २५ टक्के आहे. एवढी फुग आणि चाळताना २.३६ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारे जाडे दाणे लक्षात घेता पाव ब्रास मागवावी. क्रश सँड घ्यायची तर धुतलेली प्लास्टरची घ्यावी; तिच्यात भुकटी जास्त असेल तर मसाला पाणी अधिक मागतो आणि सुकताना त्यावर बारीक तडे पडतात.

मोजायला घमेले नको. ४० बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरचा फरमा नेमका ३५ लिटरचा होतो, म्हणून एका पोत्याला कोरड्या वाळूचे दोन फरमे, आणि वरची २५ टक्के फुग असेल तर अडीच. पाणी पोत्यामागे वीस ते बावीस लिटर, तेही वाळूतल्या ओलाव्यासकट.

(दृश्य: दोघेजण जाळीचा पट्टा उलगडून गोल उभा करतात.)

निवेदन:
जाळी दोन प्रकारची लागते. आधाराला दोन इंची चौकटीची, दहा गेजची वेल्ड मेश. मसाला धरायला बारीक कोंबडी जाळी. ०.९ मीटर रुंदीची गुंडाळी दीड मीटरच्या भिंतीला सोयीची पडते. एकावर एक दोन पट्टे लावून मधे दहा सेंटीमीटरचा जोड ठेवला तर एकूण १.७ मीटर होतात आणि खालचे वीस सेंटीमीटर वाकवून तळात घालता येतात. भिंत आणि तळ यांचा कोपरा यामुळेच एकसंध होतो. प्रत्येक पट्ट्याची लांबी घेर अधिक जोड, म्हणजे पाच मीटर. एका थराला दहा मीटर जाळी. भिंतीला वेल्ड मेशचा एक थर, कोंबडी जाळीचे बाहेरून दोन आणि आतून एक असे तीन थर. तळाच्या किंवा झाकणाच्या एका थराला सुमारे साडेतीन मीटर लागतात. दोन्हीकडे वेल्ड मेशचा एकेक थर, कोंबडी जाळीचा तळात एक आणि झाकणात दोन. सगळे मिळून वेल्ड मेश सतरा मीटर आणि कोंबडी जाळी साधारण चाळीस मीटर होते. कापताना होणाऱ्या नासाडीसाठी थोडी वाढवून अठरा आणि त्रेचाळीस मागवावी.

(दृश्य: मालक जाळीवर तळवा दाबतात. जाळी आत जाते आणि परत येते.)

मालक: "मिस्त्री, इथं सैल वाटतीय."

गवंडी: "बांधतो साहेब, अजून तारा मारायच्या राहिल्यात."

निवेदन:
हा सैलपणा हिशेबात कुठेच लिहिलेला नसतो, पण सगळ्यात महाग तोच पडतो. जाळीचे थर एकमेकांना हातभर नव्हे, चारसहा इंचांवर बाइंडिंग तारेने घट्ट आवळले नाहीत तर ते फुगतात आणि त्यांना झाकायला गवंडी जाडी वाढवत जातो. भिंतीची जाडी फक्त दहा मिलिमीटरने वाढली तरी एक पोते सिमेंट जादा लागते, म्हणजे सातवे पोते तिथेच जाते. म्हणून ओल्या मसाल्यात ३० मिलिमीटरवर खूण केलेला खिळा जागोजागी टोचून पाहावा. उलट, जाळीवर तीन ते पाच मिलिमीटर तरी मसाला हवाच. तो कमी पडला तर पुढे तिथून गंजाचे तांबूस डाग उठतात.

पुण्याच्या चैत्र-वैशाखातल्या उन्हात इतकी पातळ भिंत दुपारपर्यंत पांढरी पडते. तिच्यावर गोणपाट गुंडाळून ते किमान चौदा दिवस ओले ठेवावे लागते. त्यानंतर टाकी एकदम न भरता तिसरा हिस्सा भरावी आणि बाहेरून फिरून पाहावे. आडवी ओलसर रेघ दिसली तर काम थांबवलेल्या जागेचा किंवा मधल्या जोडाचा दोष असतो. तळाशी गोल ओल आली तर कोपरा नीट भरलेला नाही. दोन्ही वेळा टाकी रिकामी करून ती जागा आतून खरवडावी, घट्ट सिमेंटचा लेप घोटावा, पुन्हा ओली ठेवावी आणि मगच पाण्याची पातळी वाढवावी.