तेवढ्याच घासात जास्त ताकद

हा पोरगा 17 वर्षांचा, उंची 165 सेंटीमीटर, वजन 46 किलो. मोठ्या माणसाला एवढ्या उंचीला निदान 50 किलो तरी पाहिजे, वाढत्या पोरांचा तक्ता वयाप्रमाणे वेगळा असतो पण त्यातही हा खालीच बसतो. आई म्हणते, "जेवते त पोटभर, पण आंगाले लागतच नाही."

ताट बघितलं की कळतं. ज्वारीची एक भाकर, भात आणि तुरीचं वरण, तेही इतकं पातळ की वाटीचा तळ दिसतो. पोट लवकर भरतं पण त्यात पाणीच जास्त, आणि जेवणाआधी चहा झाला तर भूक अजूनच मरते. अशा पोराला "अजून एक भाकर खा" म्हणून काही होत नाही कारण पोटात जागाच नाही, म्हणून घास तेवढेच ठेवायचे आणि त्या घासातच ताकद वाढवायची.

आईनं वरण घट्ट केलं. जवस तडतडेपर्यंत भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटले, आणि दोन्ही जेवणात त्या चटणीवर एकेक छोटा चमचा कच्चं तेल. एका चमच्यात साधारण 45 कॅलरी, म्हणजे दिवसाला 90, आणि पोटाला भारही नाही. मग कॉलेजातून आला की चार वाजता 50 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि सुपारीएवढे गुळाचे दोन खडे, त्याच्या झाल्या साडेतीनशेच्या आसपास. सगळं मिळून दिवसाला सव्वाचारशे-साडेचारशे जास्त, एवढ्यावर आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन चढू शकतं. सुरुवातीला पोट फुगलं म्हणून त्यांनी शेंगदाणे निम्मे केले आणि आठवडाभरात हळूहळू वाढवले, ते बरोबरच केलं. काळपट, कडू दाणा मात्र सरळ फेकायचा, त्यात बुरशीचं विष असू शकतं.

वजन दर सोमवारी, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर. तीन-चार आठवडे काटा हललाच नाही तर अजून एक ग्लास म्हशीचं दूध जोडायचं. नुसतं पोटच सुटत असेल तर जोर-बैठका पाहिजेत, नाहीतर चरबीच वाढते.

पण वजन आपोआप उतरत असेल, दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी ताप, किंवा सारखी तहान आणि लघवी, तर शेंगदाण्यांच्या भरवशावर बसू नका, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याचीही तपासणी करून घ्या.

चार आठवड्यांनी काटा 47 किलो 400 ग्रॅमवर थांबला. आईनं काट्याकडे बघितलंच नाही, पोराचं मनगट हातात धरून पाहिलं.