रात्री तीन वाजताचा कास रोड

[काळोख. हेडलॅम्पचा डुलणारा उजेड. पावलांचा आवाज.]

रात्रीचे ३ वाजून १० मिनिटं झालीत, कासच्या रोडवर धुकं उतरलंय, आणि आपला दोस्त काल पहाटे पाचपासनं पळतोय, १०० मैलांच्या शर्यतीतले अजून ३५ किलोमीटर बाकी आहेत. पाय ठीक आहेत त्याचे. पण उजेडाकडं बघा, हळूहळू रस्त्याच्या कडेला जातो आणि एकदम झटक्यानं परत मधे येतो. तो झटका म्हणजे पळता पळताच त्याला दोन सेकंद डुलकी लागली होती. विचारलं तर म्हणतो, "आरं काय न्हाय, कुत्रं आडवं आलं." कुत्रंबित्रं काही नव्हतं, किलोमीटरचा दगड होता.

गेल्या वर्षी आम्ही इथंच माती खाल्ली. संध्याकाळी सातला कॉफी, नऊला कॉफी, अकराला परत कॉफी, आणि तेव्हा तर झोप येतही नव्हती! कॉफीनं झोप मिटत नाही, नुसती दाबली जाते, आणि रात्री तीन ते पाच, जेव्हा शरीराचं घड्याळ अगदी तळाला असतं, तेव्हा वर अजून कॉफी ओतली तर फक्त पोट बिघडलं. आडवा केला तर डोळाही लागेना, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी अर्धं उतरायलाच साधारण ५ तास लागतात.

म्हणून यंदा दुपारनंतर चहा-कॉफी बंद. रात्री बाराला अर्धा कप, बास.

[गाडीचं दार. थर्मासचं झाकण.]

आता दोन चमचे इन्स्टंट कॉफी, कोमट पाण्यात, एका दमात, अंदाजे १२० मिलिग्रॅम कॅफिन. आणि लगेच सीट मागं पाडून, घोंगडं ओढून झोप, दोन मोबाईलवर २० मिनिटांचा अलार्म. कॉफी पिऊन झोपायचं हे उलटं वाटतं, पण ती अंगात भिनायलाच अर्धा तास जातो, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. अर्ध्या तासापुढं नको, गाढ झोपेतनं उठवला तर माणूस जास्तच बधिर असतो.

३ वाजून ३४ मिनिटं. डोळे उघडून म्हणतो, "मी कुठाय?" लगेच पळू द्यायचं नाही. जॅकेट घाल, दहा मिनिटं चाल, पहाटे अंग तसंही गार पडलेलं असतं आणि शर्ट ओला आहे. दहा मिनिटांनीही उजेड कडेला जात असता तर अजून कॉफी दिली नसती, सरळ दीड तास झोपवला असता, म्हणजे झोपेचा एक फेरा पुरा होऊन गाढ झोपेतनं उठवावं लागत नाही, मग कटऑफ, म्हणजे शर्यतीची ठरलेली वेळ, हुकला तरी चालेल, खाली यवतेश्वरचा घाट आहे बाबा.

पण उजेड मधोमध होता. झोपेआधी किलोमीटरला १४ मिनिटं लागत होती, आता १०, म्हणजे गेलेली २४ मिनिटं सहा किलोमीटरात वसूल.

[उजाडतंय. धुक्यातनं पठार दिसतं.]

सातच्या सुमाराला त्याला कुत्र्याचं विचारलं.

"कुठलं कुत्रं?"