नऊ महिने कुठून मोजायचे?

[दृश्य: किराणा दुकानाचं फडताळ. एक हात मसाल्याचं पाकीट उलटंपालटं करून बघतोय.]

गरम मसाल्याचं १०० ग्रॅमचं पाकीट. मागे बारीक अक्षरांत छापलंय, 'बेस्ट बिफोर नाइन मंथ्स फ्रॉम पॅकेजिंग'. नऊ महिने कळले, पण पॅकिंग कधीचं? ते वरच्या कडेवर.

[दृश्य: कडेचा क्लोजअप, शाईचे ठिपके.]

मागचा मजकूर पाकिटाच्या कागदावर आधीच छापून येतो, सगळ्या पाकिटांवर तोच. तारीख मात्र माल भरताना मशीन शाईचे ठिपके उडवून छापतं, म्हणून तिची जागा वेगळी. ठिपके कडेच्या चुण्यांवर पडले की ३ चा ८ दिसतो. पाकीट उजेडात तिरकं धरायचं, कड बोटांनी ताणायची. आता वाचा, ०८/१०/२५. आधी दिवस, मग महिना: ८ ऑक्टोबर २०२५.

[दृश्य: अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय.]

बहुतेक चुका इथे होतात. पहिलं पेर ऑक्टोबरचं धरलं, तर नववं जूनवर येतं आणि चांगला माल महिनाभर आधीच बाजूला पडतो. पहिला महिना पुरा होतो ८ नोव्हेंबरला, म्हणून पहिलं पेर नोव्हेंबरचं. नववं येतं जुलैवर. उत्तर, ८ जुलै २०२६.

[दृश्य: वहीच्या पानावर पेन्सिल.]

कागदावर आणखी सोपं आहे. १० आणि ९ मिळून १९. त्यातून १२ वजा केले की उरतात ७, आणि वर्ष एकाने पुढे. तीस दिवसांचा महिना धरून २७० दिवस मोजू नका, ५ जुलै येते. तीन दिवस उगाच जातात. पॅकिंग ३१ मे २०२५ चं असेल, तर नऊ महिन्यांनी फेब्रुवारी येतो. त्यात ३१ तारीख नाही, म्हणून महिन्याचा शेवटचा दिवस घ्यायचा, २८.

[दृश्य: दुसरं पाकीट. नुसतंच 'ऑक्टोबर २०२५'.]

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या मालावर नुसता महिना आणि वर्ष छापलेलं चालतं. मग माल १ तारखेचा की ३१ चा, हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी १ तारीख धरावी आणि पाकीट जूनअखेर संपवावं.

खरं तर हा हिशोब गिऱ्हाइकाने करायचाच का? २०२० च्या लेबलिंग नियमांनी शेवटची तारीख थेट छापणं बंधनकारक केलं, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवलं. जे मशीन पॅकिंगची तारीख उमटवतं, तेच शेजारी दुसरीही उमटवू शकतं.

'बेस्ट बिफोर' उलटलं की मसाल्याचा वास आणि चव उतरते. 'एक्सपायरी' उलटलेला माल मात्र विकायचा नाही, खायचा नाही. आणि दोन्ही तारखा बंद पाकिटाच्या.

[दृश्य: मार्कर पाकिटावर लिहितो, '८ जुलै २६'. पाकीट फडताळात पुढच्या रांगेत जातं.]