समरूप आव्यूह: नाते नाकारायचे कसे

दोन चौरस आव्यूह, म्हणजे मॅट्रिक्स, A आणि B समरूप आहेत असे आपण तेव्हा म्हणतो, जेव्हा B = P⁻¹AP हे समीकरण पाळणारा एखादा व्यस्तक्षम आव्यूह P सापडतो. असा P सापडला तर प्रश्नच मिटला. पण तो अस्तित्वातच नाही हे दाखवायचे असेल, तर अनंत P तपासत बसणे शक्य नाही. म्हणून P कोणताही घेतला तरी न बदलणारी एखादी राशी शोधायची आणि तिची किंमत दोन्हीकडे वेगळी येते एवढे दाखवायचे.

अशा राशींपैकी ट्रेस, म्हणजे मुख्य कर्णावरील संख्यांची बेरीज, आणि निश्चयक या सर्वांत स्वस्त. त्यांपैकी एक जरी जुळली नाही, तरी काम तिथेच संपते. विद्यार्थी अडखळतात ते दोन्ही जुळल्यावर. हे आव्यूह पाहा:

```
A =  3  1      B = 2  0
    -1  1          0  2
```

दोघांचाही ट्रेस 4, निश्चयक 4 आणि अभिलक्षण बहुपदी (x−2)². तरीही ते समरूप नाहीत, कारण B = 2I असल्यामुळे P कोणताही घेतला तरी P⁻¹(2I)P = 2I हेच उत्तर येते; 2I ला स्वतःशिवाय दुसरा समरूप आव्यूहच नाही. हीच गोष्ट रँकच्या भाषेत सांगायची, तर A−2I चा रँक 1 आहे आणि B−2I चा 0. समरूप आव्यूहांसाठी P⁻¹(A−λI)P = B−λI असते, म्हणून प्रत्येक λ साठी हे दोन रँक सारखेच यायला हवेत.

मात्र रँकवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. आता चार ओळींची जोडी घेऊ:

```
M = 0 1 0 0    N = 0 1 0 0
    0 0 1 0        0 0 0 0
    0 0 0 0        0 0 0 1
    0 0 0 0        0 0 0 0
```

दोघांचीही अभिलक्षण बहुपदी x⁴ आणि रँक 2. λ शून्येतर घेतला तर M−λI आणि N−λI या दोघांचाही रँक 4. म्हणजे आतापर्यंतची प्रत्येक कसोटी इथे मुकी राहते. पण वर्ग करून पाहा. N² शून्य होतो, तर M² च्या पहिल्या ओळीत तिसऱ्या स्तंभात 1 उरतो. M = P⁻¹NP असते, तर मधले P आणि P⁻¹ एकमेकांना छेदून M² = P⁻¹N²P, म्हणजेच शून्य, झाले असते. तसे होत नाही, म्हणून M आणि N समरूप नाहीत.

वर्ग करण्याची ही युक्ती केवळ या जोडीपुरती नाही. संमिश्र संख्यांच्या क्षेत्रावर प्रत्येक λ साठी (A−λI) च्या सर्व घातांचे रँक दोन्हीकडे जुळले, तर आव्यूह समरूप असतातच. इथे मात्र उलट दिशाही खरी ठरते. n ओळींच्या आव्यूहासाठी n व्या घातापलीकडे जावे लागत नाही, कारण त्यानंतर रँक घटणे थांबलेले असते.