शर्टाची कॉलर तपासताना टिक कुठे करायची आणि मार्क कुठे द्यायचे

(सोलापुरात शिवणक्लास चालवणाऱ्या आणि प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून जाणाऱ्या ताई-दादांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. आज मी फक्त एकाच पीसबद्दल बोलणार आहे, शाळेच्या गणवेशाचा हाफ शर्ट, कॉलर आणि छातीवरचा खिसा. आपल्या सोलापुरात गणवेशाचं काम घरोघरी आहे, क्लासमधून बाहेर पडलेली मुलगी पहिल्यांदा हेच काम हातात घेते, म्हणून प्रॅक्टिकलला हाच पीस ठेवलेला बरा. आणि परीक्षक म्हणून आपण सगळ्यात जास्त गडबडतो ते पण यातच.

आयटीआयच्या शिवणाच्या ट्रेडचा अभ्यासक्रम ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत असेल, त्यात मार्कांचे तीन टप्पे दिलेत, साठ ते पंच्याहत्तर टक्के, पंच्याहत्तर ते नव्वद, आणि नव्वदच्या वर. आणि फिनिशिंगबद्दल काय लिहिलंय, तर पहिल्याला बऱ्यापैकी सफाई, दुसऱ्याला चांगली सफाई, तिसऱ्याला उच्च दर्जाची सफाई. आता हातात कॉलर घेऊन सांगा बघू, बऱ्यापैकी कुठे संपते आणि चांगली कुठे सुरू होते? तो मजकूर सगळ्या ट्रेडना लागू पडावा म्हणून तसा लिहिलाय, फिटरला पण तोच आहे, त्यामुळे त्याचा दोष नाही. पण तो कॉलरच्या भाषेत आणायचं काम आपलं आहे आणि ते आपण करत नाही, मग एक परीक्षक चौदा देतो, दुसरा अठरा देतो आणि दोघंही म्हणतात, मला तसं वाटलं.

मी जी पद्धत सांगतेय ती साधी आहे. शंभर मार्क. त्यातले साठ चेकलिस्टचे, पंधरा ओळी, प्रत्येकीला चार, केलं की टिक, नाही केलं तर नाही, मधलं काही नाही. उरलेले चाळीस सफाईचे, चार जागी: कॉलर, खिसा, टीप आणि इस्त्रीसकट एकूण पीस. प्रत्येक जागेला शून्य ते पाच, आणि बेरजेला दोननं गुणायचं. हे दोन भाग वेगळे का ठेवायचे, तर जे शिवून झाल्यावर आत झाकलं जातं ते फक्त शिवताना दिसतं आणि जे शेवटी दिसतं ते शिवताना कळत नाही. कॉलरचं बकरम नीट चिकटलंय का, टोकाजवळचं मार्जिन कापून कमी केलंय का, हे कॉलर पलटली की संपलं, आत गेलं. त्या दिवशी कॉलर मस्तच दिसणार. पण बकरम अर्धवट चिकटलेलं असेल तर चार धुण्यांत कॉलरवर फुगे येतात, आणि मार्जिन जाड राहिलं असेल तर टोक बोथट होतं, कितीही इस्त्री मारा.

आता प्रश्न असा की एका परीक्षकासमोर दहा-बारा मुली एकदम शिवत असतात, तो प्रत्येकीचं सगळं कसं बघणार? नाही बघू शकत. म्हणून तीन थांबे ठेवायचे. बकरम चिकटवून झालं की हात वर करायचा. कॉलर शिवून झाली की पलटायच्या आधी हात वर करायचा. आणि खिसा टाचण्या लावून ठेवला, पण शिवला नाही, तेव्हा तिसऱ्यांदा. हे सुरुवातीलाच सांगायचं, फळ्यावर लिहायचं, आणि माझं म्हणणं असं की ज्या मुलीला मराठी वाचायला जड जातं, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, तिला तोंडी समजावून सांगायचं, कारण आपण शिवण तपासतोय, वाचन नाही. पहिल्या थांब्याला काय बघायचं? बकरम इस्त्रीनं घासत नेलं की दाबून धरलं, एकेका जागी दहा-बारा सेकंद, आणि गार झाल्यावर तिनं स्वतः कोपरा नखानं उचलून बघितला का. उचलला जात असेल तर अजून दाबायला हवं. ते तिनं तपासलं असेल तर टिक. दुसऱ्या थांब्याला टोकाजवळचं मार्जिन साधारण पाव इंचावरून एक अष्टमांश इंचावर आलंय का, आणि टिपेच्या अगदी अंगावर तर नाही ना कापलं, कारण मग टोक पलटताना दोरे सुटतात.

अजून एक, मशीन. प्रॅक्टिकलला मुलीला तिची मशीन मिळत नाही, जी रिकामी असेल ती मिळते. ताण जास्त असेल तर टीप ओढली जाऊन चुण्या पडतात आणि टेरिकॉटवर तर लगेच दिसतात. म्हणून पहिली दहा मिनिटं वेळेत धरायचीच नाहीत, त्याच कापडाच्या तुकड्यावर टीप मारून बघायची, दोन्ही बाजूंनी टाका सारखा बसतोय का, सुई बोथट तर नाही. ही चेकलिस्टची पहिली ओळ. तुकड्यावर चुण्या येतायत, तिनं ताण सैल करून बघितला, सुई बदलून बघितली आणि तरी जमेना, तर मशीन बदलून द्यायची. तसं न करता नंतर चुण्यांचे मार्क कापणं म्हणजे मशीनच्या दोषाचे मार्क मुलीच्या नावावर टाकणं.

आता सफाईचे पाच कसे ठरवायचे. कॉलरचं सांगते, बाकीचं याच धर्तीवर तुम्ही करा. कॉलर मागच्या मध्यावर दुमडायची, दोन्ही टोकं एकावर एक आणायची. दोन्ही जुळली, टोकं तीक्ष्ण, वरची टीप कडेपासून सगळीकडे सारखी आणि खालचा कॉलर वरून डोकावत नाही, तर पाच. टोकांत एक अष्टमांश इंचापर्यंत फरक, टीप एखाद्या जागी हललीय पण हातभर अंतरावरून खटकत नाही, तर तीन. टोकं उघड लहान-मोठी, कॉलर गळ्यावर वाकडी बसते किंवा टोकातून दोरे बाहेर आलेत, तर एक. चार आणि दोन या मधल्या जागा. टिपेला सोपं माप आहे, फूटपट्टी ठेवून एका इंचातले टाके मोजायचे, शर्टाला दहा ते बारा चालतात, आठ आले तर टीप उसवायची भीती. आणि शक्य असेल तर तीन जुन्या कॉलरी, एक पाचाची, एक तीनाची, एक एकाची, एका डब्यात कायमच्या ठेवा. शब्दांवर वाद होतो, कॉलर शेजारी ठेवली की होत नाही.

बघताना एक पथ्य पाळायचं. शर्टांवर नावं नकोत, नंबर हवेत, आणि आधी सगळ्यांच्या कॉलरी बघा, मग सगळ्यांचे खिसे. एकेक शर्ट पूर्ण बघत गेलं की सुंदर कॉलर डोळ्यात बसते आणि वाकड्या खिशाला पण चार पडतात. दोन परीक्षकांनी न बोलता वेगळं लिहायचं, एका मार्काचा फरक आला तर सरासरी, दोन किंवा जास्त आला तर पीस परत टेबलावर.

आता एक केस. एका ठिकाणी मी दुसरी परीक्षक म्हणून गेले होते, चेकलिस्ट तिथलीच होती. दोन उमेदवार. पहिली बाई बरीच वर्षं कारखान्यात कॉलर लावणारी, सर्टिफिकेट हवं म्हणून आलेली. दुसरी क्लासमधली मुलगी, नवी. बाईंची सफाई बघण्यासारखी होती, कॉलर पाच, खिसा चार, टीप पाच, इस्त्री चार, म्हणजे अठरा, दुप्पट छत्तीस. पण चेकलिस्टमध्ये पंधरापैकी फक्त सात टिक, अठ्ठावीस मार्क, एकूण चौसष्ट, आणि तिथला नियम असा की प्रत्येक भागात निम्मे तरी हवेत, साठातले अठ्ठावीस म्हणजे निम्म्याच्या खाली, बाई नापास. मुलीचे चौदा टिक, छप्पन्न, सफाईत कॉलर दोन आणि बाकी तीन-तीन-तीन, म्हणजे अकराचे बावीस, एकूण अठ्ठ्याहत्तर, पास.

मी म्हटलं थांबा, बाईंचे आठ टिक गेले कुठे ते बघू. त्यातल्या पाच ओळी अशा होत्या: खिशासाठी खडूनं चार खुणा केल्या, खिशाला कच्चा टाका घातला, कॉलरचा मध्य खडूनं दाखवला, अशा. बाईंनी खुणा केल्याच नव्हत्या, खिसा पट्टीच्या कडेपासून बोटानं मोजला, दोन्ही कोपरे टेपनं तपासले आणि थेट शिवला, सरळ. कॉलरचा मध्य घडी पाडून नखानं दाबला. म्हणजे काम झालं होतं, फक्त यादीतल्या रीतीनं झालं नव्हतं. या ओळी आम्ही बदलून लिहिल्या, ‘खिशाची जागा मोजली आणि शिवायच्या आधी दोन्ही कोपरे एका रेषेत आहेत का ते तपासलं’, ‘कॉलरचा आणि गळ्याचा मध्य जुळवला’, असं. आणि नव्या यादीवर दोघींना पुन्हा मोजलं. बाईंचे पाचही टिक परत आले, बारा, अठ्ठेचाळीस, एकूण चौऱ्याऐंशी. मुलीचे चौदाच राहिले, कारण खुणा करून का होईना तिनं पण तेच तपासलं होतं.

पण उरलेले तीन टिक बाईंना मिळाले नाहीत आणि ते बरोबरच होतं. बकरम गार झाल्यावर तपासलं नाही. टोकाचं मार्जिन कापलं नाही, कारखान्यात ते काम दुसरी बाई करते म्हणून सवयच नाही. आणि इस्त्री चालू ठेवून उठल्या. हे तिन्ही त्यांच्या शीटवर तसंच लिहून दिलं. मुलीच्या शीटवर लिहिलं, कॉलरच्या टोकांत एक अष्टमांशापेक्षा जास्त फरक, पलटायच्या आधी दोन्ही टोकं एकावर एक ठेवून टीप तपासावी. एवढं लिहिलं की तिला घरी जाऊन नेमकं काय करायचं ते कळतं.

माझं मत विचाराल तर यादीतली प्रत्येक ओळ लिहिल्यावर स्वतःला विचारायचं, हे न करता सुद्धा कोणी काम बरोबर करू शकतं का? करू शकत असेल तर ती ओळ रीतीची आहे, ती बदला किंवा काढा. आणि बारीकसारीक ओळी भरून यादी लांब करू नका, कारण चार मार्क खडू जागेवर ठेवल्याचे पण आणि चार बकरमचे पण, हे पटत नाही.

शेवटी अर्धवट राहिलेल्या पीसचं, कारण मे महिन्यात परीक्षा लागते, लाईट जाते, आणि हा प्रश्न दरवेळी निघतो. लाईट गेली तेवढा वेळ वाढवून द्यायचा आणि शीटवर वेळ लिहायची. तरी खिसा राहिलाच तर खिशाच्या सफाईला शून्य, पण खिसा कापून, कडा दुमडून इस्त्री केली असेल तर त्या ओळींचे टिक मिळालेच पाहिजेत. कॉलर सुंदर आहे म्हणजे खिसा पण सुंदरच झाला असता, असा अंदाज धरून मार्क द्यायचे नाहीत.